सहजराव

कॉफीला जायचंय, पण कॉफीसाठी तयार होऊन आलोय असं मात्र दिसता कामा नये, असा हट्ट धरणारा एक तरी माणूस तुमच्या ओळखीत असणारच. आमचा बेंगळूरच्या राजाजीनगरात राहतो, आमच्याच इमारतीत, आमच्याच डोक्यावरच्या मजल्यावर. मूळचा बेळगावचा, टिळकवाडीचा. नोकरी सॉफ्टवेअरमधली. वय चाळिशीच्या अलीकडे की पलीकडे, हे तो कुणाला सांगत नाही. लग्न झालेलं नाही. पण आजूबाजूच्या दोन-तीन ब्लॉकांत भाड्यानं राहणारा कुठलाही मराठी पोरगा पहिल्यांदा कुणाला भेटायला निघाला, की त्याला कपडे हाच घालतो. "सहज आल्यासारखं दिसलं पाहिजे की!" हे त्याचं पालुपद. म्हणून आमच्या हिनं त्याचं नाव सहजराव ठेवलं, आणि आता खरं नाव फक्त घरमालक वापरतात.

या सगळ्याशी आमचा संबंध एवढाच, की पायापासून डोक्यापर्यंत दिसेल असा आरसा इमारतीत आमच्याच कपाटाला आहे. त्यामुळे रविवारी दुपारी जरा डोळा लागला की बेल वाजते. दारात सहजराव, मागे हँगर धरून उभा असलेला कुणीतरी घामाघूम तरुण. "वहिनी, पाच मिनिटं आरसा." मग माझ्याच पलंगावर पाच शर्ट पसरतात आणि मी उशी घेऊन हॉलमध्ये हद्दपार.

पूर्वी हा प्रश्न नव्हता. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमाला मुलानं काय घालायचं हे आई ठरवायची, आणि आईला 'जास्त नटलेला' असा काही प्रकार माहीत नव्हता. आता कांदेपोह्यांची कॉफी झाली. आईवडील लातुरात किंवा सांगलीत फोनजवळ बसलेले, आणि ही दोघं इथं परस्पर भेटणार. शहाजीराजांना बेंगळूरची जहागीर मिळाली त्यालाही पावणेचारशे वर्षं उलटून गेली, पण या गावात कॉफीला काय घालून जावं, हे मराठी माणसाचं अजून ठरलेलं नाही.

सहजरावांचं मात्र ठरलेलं आहे. त्यांच्या मते माणसाचा सगळा पोशाख एका जागी येऊन ठरतो, आणि ती जागा म्हणजे बाही.

यावर ते किती बोलू शकतात याची तुम्हाला कल्पना नाही. अर्ध्या बाहीचा शर्ट घातला तर माणूस मेट्रोतून उतरून सरळ बँकेत पासबुक भरायला निघाल्यासारखा दिसतो. पूर्ण बाही मनगटाला बटण लावून घातली तर नोकरीच्या मुलाखतीला आल्यासारखा. म्हणून पूर्ण बाहीचा शर्ट घ्यायचा आणि बाही दुमडायची. पण दुमडायची कशी? कफाचं बटण काढायचं, आणि त्याच्यावर बाहीच्या चिरेला जे छोटं बटण असतं, जे विसरलेलं असतं, तेही काढायचं. नाहीतर दुमड हाताला आवळते आणि परत येईपर्यंत वळ उठतो. मग कफ उलटा करून त्याच्याच रुंदीएवढी एक घडी, त्यावर दुसरी. दोन घड्यांत बाही कोपर आणि मनगटाच्या मधोमध येते. तिसरी घातली तर कोपराच्या जरा खाली. चौथी घालून कोपराच्या वर नेली, तर माणूस भांडी घासायला उठल्यासारखा वाटतो. "दोनच की! हवेत बसली पाहिजे, ताणून नाही." हे बोलताना ते पोराचा हात आपल्या हातात घेऊन स्वतः घडी घालतात, एक डोळा मिटून दोन्ही बाजूंची उंची ताडतात, आणि पुन्हा उलगडून पहिल्यापासून घालतात.

एकदा मी वैतागून विचारलं, "अहो, बाहीकडे कोण बघतं?"

"टंबलर कुठल्या हातानं उचलतो?" त्यांनी विचारलं. "डबऱ्यात ओततो कुठल्या हातानं? ती समोर उभी राहून तासभर दुसरं काय बघणार आहे?"

याला उत्तर नव्हतं. त्याहून वाईट म्हणजे ते बरोबर होतं. दर्शिनीतल्या उभ्या टेबलाचा दगड कायम ओला असतो. फडक्यानं नुकताच पुसलेला तरी असतो, नाहीतर कुणाचं तरी सांबार सांडलेलं तरी. सुटा कफ त्याला लागणारच.

तळमजल्यावरच्या लातूरच्या पोराची गोष्ट अशी. पहिली नोकरी, पहिलीच भेट, सप्टेंबरमधला रविवार, संध्याकाळी पाच. त्याच्या डोक्यात मॉलमधलं कॅफे होतं, म्हणून त्यानं निळा ब्लेझर आणि पांढरा शर्ट विकत आणून ठेवला होता. मुलीनं शनिवारी कळवलं, नवरंग टॉकीजजवळच्या दर्शिनीत भेटू. सहजराव त्याच संध्याकाळी तिथं जाऊन, उभ्यानं एक कॉफी घेऊन, पाहणी करून आले.

"खुर्च्याच नाहीत," त्यांनी जाहीर केलं. "कॅफेत टेबलाखालचा माणूस दिसत नाही. इथं बूटसुद्धा दिसणार. ब्लेझर काढ."

ब्लेझर गेला. तिथं बनियन आणि लुंगीत पेपर वाचत कॉफी पिणारे आजोबा असतात. त्यांच्या शेजारी ब्लेझर घालून उभं राहिलं तर लोक बिल विचारायला येतील, हे त्यांचं म्हणणं. नव्या शर्टाला पाकिटातल्या घड्यांच्या चौकोनी रेघा होत्या; इस्त्रीनं त्या दबल्या, गेल्या नाहीत. "छातीवर खिडकी दिसते बघ. आजच डबा फोडलाय हे सगळ्या राजाजीनगरला कळेल." नवा कपडा एकदा धुऊन, घरात एक दिवस वापरून मगच बाहेर काढायचा, हा त्यांचा नियम. शिवाय पांढऱ्या शर्टाखाली पांढरा बनियन गळ्यापर्यंत स्पष्ट दिसतो. करडा किंवा अंगाच्या रंगाचा दिसत नाही. हे त्यांनी आरशासमोर दोन्ही घालायला लावून सिद्ध केलं. पोराकडे फिका करडा शर्टही होता, धुतलेला, बरा. तो त्यांनी हातही न लावता बाजूला केला. घाबरलेल्या माणसाला काखेत घाम येतो आणि फिक्या करड्यावर तो जेवढा दिसतो तेवढा कशावरच दिसत नाही. गडद निळ्यावर लपतो.

शेवटी निवडला तो एक जुना, गडद निळा, जाडसर सुती शर्ट. खांद्याची शिवण बरोबर खांद्याच्या हाडावर. खालची कड सरळ, म्हणून बाहेर सोडायला हरकत नाही. गोलाई असलेली लांब कड खोचायची असते. खाली राखाडी सुती पँट आणि तपकिरी चामडी बूट, पुसलेले पण चकाकी न आणलेले. त्याचे मखमली दिसणारे स्वेडचे बूट परत पेटीत गेले, कारण बेंगळुरात सप्टेंबरची संध्याकाळ म्हणजे पाऊस धरूनच चालायचं. मग त्याला आमच्या खुर्चीत बसवलं, उभं केलं, वाकवलं, खिशातून पाकीट काढायला लावलं. बसल्यावर पोटापाशी दोन बटणांच्या मधे फट पडते का, तेवढं बघायचं होतं. फट पडली असती तर शर्ट बाद. पडली नाही. मग बाह्या. त्या बाह्यांत माझी उरलेली दुपार गेली.

पोरगा भेटून आला. बोलणी पुढे सरकली नाहीत, पण त्याचं कारण पत्रिका होती. सहजरावांना मात्र एकच जाणून घ्यायचं होतं. "घडी टिकली?"

माझी भाची पुण्याहून इथं नोकरीला आली, तेव्हा तिच्यावरही त्यांनी हात चालवून पाहिला. ती खणाचा कुर्ता आणि मोठे झुमके घालून निघाली होती. सहजराव म्हणाले, खण घातला तर झुमके काढ, झुमके घातले तर खण. दोन्ही म्हणजे हळदीकुंकू. आणि कॅफेत उंच स्टूल असतात, तेव्हा ओढणी नकोच. भाचीनं ऐकून घेतलं, झुमके काढले, आणि विचारलं, "काका, तुम्ही स्वतः कधी गेलात कॉफीला?"

सहजराव म्हणाले, "आरसा झाला असेल तर चहा टाका की, वहिनी."

एवढ्या पोरांना आरशासमोर उभं करणारा माणूस स्वतः त्या आरशात कधी बघतो का, हे मी तोपर्यंत पाहिलं नव्हतं. त्यातल्या बऱ्याच पोरांची लग्नं झाली. आमंत्रणं सहजरावांना येतात. ते जातात, आहेर करतात, आणि नवरदेवाच्या शेरवानीला 'फारच ठरवून' असं म्हणत जेवून येतात. मला त्यांचा राग यायचा तो आरशामुळे यायचा, की उशीमुळे, हे मी कधी तपासलं नाही.

यंदा पावसाळ्यात एका रविवारी बेल वाजली. दारात सहजराव, मागे कुणीच नाही. अंगात तोच गडद निळा रंग, सरळ कड, खांद्याची शिवण हाडावर. सगळं बिनचूक. फक्त बाह्या लोंबत होत्या.

"वहिनी," ते म्हणाले, "उजवी बाही डाव्या हातानं नीट होत नाही की."

हे त्यांना नव्यानं कळलं होतं असं नाही. पण कळून उपयोग काय होता? आमच्या हिनं काही विचारलं नाही. कणकेचे हात धुतले, पुसले, आणि दोन्ही बाह्या दुमडल्या. तिला एक डोळा मिटून ताडायची सवय नाही. डावी उजवीपेक्षा बोटभर वर गेली, मला सोफ्यावरून दिसत होतं. सहजरावांनाही आरशात दिसलंच असणार. त्यांनी ती उलगडली नाही. "छान झाली," म्हणाले, आणि छत्री घेऊन गेले.

रात्री नऊला छत्री ठेवायला आल्यासारखे करून परत आले. वास्तविक छत्री त्यांचीच होती.

"काय झालं?" ही म्हणाली.

"बाहेरच्या टेबलाशी उभे होतो. पाऊस लागला. ती म्हणाली, गारठा आहे, बाह्या खाली सोडा की."

"ती पण बेळगावची?" मी विचारलं.

"खानापूरची."

"मग? सोडल्या?"

"सोडल्या."

ही जरा पुढे झाली. "बटणं नाही ना लावलीत?"

सहजरावांनी हात मागे नेले. "मनगटापर्यंत," ते म्हणाले. "ते छोटं धरून."