एकच कापड दोनदा विकत कसे घ्यावे
(नवशिक्या हिशेबनिसांसाठी)

लागणारे सामान: खडेबाजारातले एक कापड दुकान, इचलकरंजीचा एक यंत्रमागवाला आणि मार्च महिन्याची अखेर.

१. माल आधी उतरवून घ्या. २८ मार्चला कोगनोळी ओलांडून टेम्पो आला, ४० ताके, प्रत्येकी ५० मीटर, बोलीचा दर ६० रुपये. म्हणजे १,२०,००० रुपयांचा माल. ड्रायव्हरच्या हातात चलन आणि ई-वे बिल. नावात बिल आहे म्हणून हेच खरेदीचे बिल समजा आणि फाइलला टाचा. तरीही मन खाऊ लागलेच तर यंत्रमागवाल्याला फोन करा. ‘‘दर नक्की झाला की बिल लावून देतो बघा, मालक,’’ असे उत्तर मिळेल. निश्चिंत व्हा.

२. ३१ तारखेला साठा मोजा. नवे ताकेही मोजा, गोदामात दिसतात ना! खरेदी मात्र नोंदवू नका, कारण बिल नाही. नफा एका रात्रीत १,२०,००० रुपयांनी वाढेल. भागीदारी फर्म असेल तर तीस टक्क्यांनी ३६,००० रुपये कर भरा, उपकर वेगळा. न झालेल्या नफ्यावर कर भरायला मोठे मन लागते.

काही जण जास्त सावध असतात. ते ताकेही मोजत नाहीत आणि खरेदीही धरत नाहीत. नफा तेव्हा बरोबर येतो, पण ताळेबंदातून माल आणि देणे दोन्ही गायब होतात. त्यातले दहा ताके ३० तारखेला विकून टाकले असतील तर आणखी बहार. विक्री पुस्तकात आहे, तिचा ३०,००० रुपयांचा खर्च नाही. दुकानात इतका मार्जिन कधीच नव्हता, पण आनंदात कोण विचारतो?

३. ऑडिटर आला तर नाइलाजाने ३१ मार्चची नोंद करा. खरेदी खाते नावे १,२०,०००. ‘माल आला, बिल येणे’ खाते जमा १,२०,०००. आधार म्हणून चलनाचा नंबर, मोजलेले मीटर आणि ऑर्डरचा दर लिहायचा असतो. तुम्ही फक्त ‘अंदाजे खरेदी’ लिहा. पुढे कुठल्या चलनाची नोंद, हे शोधताना वेळ छान जातो.

जाता जाता ५ टक्क्यांनी ६,००० रुपये आयजीएसटीही नावे टाका. बिल हातात नसताना इनपुट क्रेडिट मिळत नाही, हे पोर्टल सांगेलच. तुम्ही कशाला आधी सांगता?

४. आता खरी कला. १ एप्रिलला हीच नोंद उलटी करायची असते: ‘माल आला, बिल येणे’ नावे, खरेदी जमा. तसे केले की एप्रिलची खरेदी उणे १,२०,००० दिसते आणि मालक खुर्चीतून उठतात. ती उणे रक्कम बिलाची वाट पाहत असते. ९ एप्रिलला बिल आले, दर ६२ लावलेला: माल १,२४,०००, आयजीएसटी ६,२००, यंत्रमागवाल्याच्या खात्याला जमा १,३०,२००. एप्रिलच्या खरेदीत उरले फक्त ४,०००, म्हणजे मीटरमागे दोन रुपयांचा फरक. ताळेबंदावर सही झालेली नसेल तर मार्चची नोंद आणि साठा दोन्ही ६२ च्या दराने दुरुस्त करता येतात. मग फरकही उरत नाही.

इतके सुरळीत आपल्याला नको. म्हणून उलटी नोंद विसरा. मार्चमध्ये १,२०,०००, एप्रिलमध्ये १,२४,०००, आणि गोदामात ताके तेच ४०. अभिनंदन, कापड दोनदा घेतले!

विसरणे जमत नसेल तर टॅलीतले ‘रिव्हर्सिंग जर्नल’ वापरा. नाव ऐकून काम झाले असे वाटते. प्रत्यक्षात ते व्हाउचर मूळ पुस्तकांना हात लावत नाही, सिनॅरिओ लावून पाहिले तरच दिसते. तेव्हा मार्चची नोंदही होत नाही आणि आपण परत दोन नंबरच्या पायरीवर येतो.

५. पकडले जाऊ नका. ‘माल आला, बिल येणे’ खाते कुणी जूनमध्ये उघडले आणि शिल्लक १,२०,००० च दिसली, तर संशय येतो. या खात्यातल्या प्रत्येक रकमेसमोर बिल न आलेले एक चलन सापडले पाहिजे, असा काही खडूस लोकांचा आग्रह असतो. एप्रिलचा मार्जिन अचानक का कोसळला, हेही तेच विचारतात. त्यांना मंदीचे कारण सांगा.

६. वर्षअखेर झाली की शिल्लक ‘किरकोळ उत्पन्न’ खात्याला वर्ग करा. एप्रिलमध्ये १,२०,००० ने घटलेला नफा त्याच वर्षात १,२०,००० ने वाढेल आणि बेरीज जुळेल. ऑडिटरने विचारलेच, की कापड दुकानाला हे उत्पन्न कसले, तर चहा मागवा. एव्हाना पुढच्या २८ मार्चचा टेम्पो इचलकरंजीहून निघालेला असेल.