कॅन्सल्ड चेकवाले काका

एमआयडीसीच्या कुठल्याही गल्लीत चौकशी केलीत तर एक काका निघतातच. कुठल्या तरी बड्या कंपनीच्या पर्चेस खात्यात तीस-पस्तीस वर्षं काढून निवृत्त झालेले, खिशाला दोन पेनं, आणि दुपारी झोप येत नाही ही तक्रार. नोकरीत असताना त्यांनी लोकांचे कागद परत पाठवले. आता परत येणार नाहीत असे कागद करून देतात. फी घेत नाहीत, पण चहा दोनदा लागतो आणि मध्ये बोललेलं चालत नाही.

भोसरीतल्या माझ्या भाच्याने असे एक काका गाठले. भाच्याचा सीएनसी टर्निंगचा छोटा वर्कशॉप आहे. तीन मशीन, आठ माणसं. चाकणच्या एका मोठ्या कंपनीत व्हेंडर म्हणून नाव नोंदवायचं होतं. त्याने मेल आधीच लिहून ठेवला होता. काकांनी चष्मा वर केला आणि मोठ्याने वाचायला घेतला. ‘आम्ही जागतिक दर्जाची गुणवत्ता, अत्यंत स्पर्धात्मक दर आणि ग्राहकसमाधान...’ तिथे ते थांबले.

‘करतोस काय पण?’

‘बुश, काका. आणि स्पेसर.’

‘मग ते लिही की! समोरचा पोरगा सकाळपासून असे चाळीस मेल उघडतो. त्याच्यापुढे एक फॉर्म असतो, त्यात रकाने असतात. त्यात ग्राहकसमाधानाचा रकाना नसतो.’

विशेषणांशी काकांचं जुनं वैर आहे. पहिला परिच्छेद त्यांनी चार ओळींवर आणला: काय बनवतो, किती व्यासापर्यंत, कोणत्या धातूत, किती मशीनवर. विषयाच्या ओळीत व्हेंडर रजिस्ट्रेशन, टर्न्ड पार्ट्स, फर्मचं नाव आणि भोसरी. भाच्याने तिथे ‘अर्जंट’ घातलं होतं. ‘अर्जंट तुला आहे, त्याला नाही,’ म्हणून ते गेलं.

मग कागद. मुलीकडच्यांनी आलेली पत्रिका न्याहाळावी तसा काकांनी एकेक कागद उजेडात धरला. जीएसटीचं प्रमाणपत्र, म्हणजे REG-06, हाती आलं आणि त्यांचे डोळे चमकले. वर ‘लीगल नेम’मध्ये भाच्याचं स्वतःचं नाव, खाली ‘ट्रेड नेम’मध्ये वर्कशॉपचं. पॅन भाच्याच्या नावावर, चेकवर छापलेलं नाव मात्र वर्कशॉपचं.

‘बघ, आता तो पोरगा काय करतो. पॅनवर एक नाव, चेकवर दुसरं. तो म्हणतो, ही दोन माणसं आहेत. आणि दुसऱ्याच्या खात्यात पैसे जायला नकोत म्हणून तुझी फाइल बाजूला ठेवतो. फोन करत नाही. बाजूला ठेवतो!’

हे बोलताना त्यांच्या चेहऱ्यावर जो गोडवा आला, त्यावरून अशा किती फायली त्यांनी स्वतः बाजूला ठेवल्या असतील याचा अंदाज आला.

भाचा घाबरून म्हणाला, ‘मग फर्मच्या नावाने वेगळं पॅन काढू?’

‘प्रोप्रायटरशिपला वेगळं पॅन नसतं रे. मालकाचं तेच दुकानाचं.’ काकांनी जीएसटी नंबरावर बोट ठेवलं. पंधरा अक्षरं. पहिले दोन आकडे 27, म्हणजे महाराष्ट्र. पुढची दहा अक्षरं जशीच्या तशी भाच्याचं पॅन. पॅनचं चौथं अक्षर P, म्हणजे व्यक्ती. कंपनी असती तर C, भागीदारी असती तर F. ‘सगळा पुरावा कागदातच आहे. फक्त त्याला शोधायला लावायचं नाही.’ आणि मेलमध्ये एक वाक्य घातलं: ही एकल मालकीची फर्म आहे, मालकाचं नाव अमुक, व्यापारी नाव तमुक, पॅन मालकाच्या नावावर व बँक खातं व्यापारी नावावर, दोन्ही नावं REG-06च्या पहिल्या पानावर आहेत. एवढ्या एका वाक्यावर काकांनी पहिला चहा संपवला.

दुसरी अडचण पत्त्याची निघाली. भाच्याने दिवाळीत गाळा बदलला होता. विजेचं बिल नव्या गाळ्याचं, जीएसटी जुन्याचं. बदल झाल्यापासून पंधरा दिवसांत तो पोर्टलवर कळवायचा असतो. इथे होळी येऊन गेली होती. काकांनी मेल मिटवला, सीएला फोन लावायला सांगितलं आणि पत्ता दुरुस्त होऊन येईपर्यंत पुन्हा उघडू दिला नाही.

तो झाल्यावर दुसरी बैठक. भाच्याने अभिमानाने आयएसओ 9001चं सोनेरी किनारीचं प्रमाणपत्र पुढे केलं.

‘ऑडिटर कधी आला होता?’

‘ऑडिटर नाही. कुरिअरवाला आला होता.’

काकांनी ते पालथं घातलं. देणाऱ्या संस्थेला कोणाची मान्यता आहे, प्रमाणपत्राची व्याप्ती काय, दरवर्षीचं पाहणी-ऑडिट झालं का, हे मोठ्या कंपनीचा क्वालिटीवाला पाच मिनिटांत शोधतो, आणि मग बाकीच्या खऱ्या कागदांवरचाही त्याचा विश्वास उडतो. म्हणून मेलमध्ये सरळ आलं: आयएसओ 9001 प्रमाणपत्र नाही. मायक्रोमीटर आणि बोअर गेज यांचे एनएबीएल-मान्य लॅबचे चालू कॅलिब्रेशन रिपोर्ट जोडले आहेत. भाच्याचा चेहरा पडला. किनार खरंच सुंदर होती.

‘नाही’ लिहायला काकांना अजिबात लाज नाही. भविष्यनिर्वाह निधी: वीसपेक्षा कमी कामगार, नोंदणी लागू नाही. ईएसआय: दहापेक्षा कमी, लागू नाही. दोन्हींसाठी लेटरहेडवर सही-शिक्क्याचं एक पत्र. रकाना रिकामा दिसला की समोरचा ‘कागद अपूर्ण’ लिहितो; ‘लागू नाही, कारण अमुक’ दिसलं की टिक करतो.

उद्यमवर मात्र खटका उडाला. भाचा सूक्ष्म उद्योग. खरेदीदाराने जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे द्यावेत असा कायदाच आहे. त्याला मेलमध्ये ते ठळक अक्षरांत हवं होतं, उशिराच्या व्याजासकट.

‘अजून व्हेंडर कोड नाही, आणि व्याजाची नोटीस?’ काका ओरडले. ‘फक्त उद्यम नंबर दे. सूक्ष्म, उत्पादन. बाकी त्यांच्या अकाउंट्सवाल्याला तुझ्याआधी कळतं.’ आणि ते खरं आहे. 2023-24 पासून सूक्ष्म-लघु उद्योगांचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिले जातील त्याच वर्षी आयकरात वजा धरतात. त्यामुळे उद्यमचा रकाना आता कंपन्या स्वतःच्या काळजीने भरून घेतात.

शेवटी फायलींची नावं. भाच्याकडे सगळं `scan0007.pdf` आणि `WhatsApp Image` होतं. काकांनी एकेक बदलायला लावलं: `01_GST_REG06.pdf`, `02_PAN.pdf`, `03_Cancelled_Cheque.pdf`. मेलमधला क्रम आणि फायलींचा क्रम एकच. झिप करायची नाही, पुष्कळ कंपन्यांचे सर्व्हर ती आत घेत नाहीत. चेकवर आडव्या दोन रेघा, मध्ये ‘कॅन्सल्ड’, सही नाही. सहीवरून त्यांनी एक गोष्टही सांगितली, पण ती लांब आहे आणि त्यात त्यांचा साहेब येतो.

मेल गेला. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं: कागद योग्य आहेत, कृपया हेच सर्व आमच्या पोर्टलवर पुन्हा भरावे, प्रत्येक फाइल दोन एमबीच्या आत.

भाच्याने कपाळावर हात मारला. काका मात्र खुर्ची ओढून बसले, चष्मा पुसला आणि म्हणाले, ‘अरे, याचा अर्थ त्याने फायली उघडल्या! कॅलिब्रेशनचा रिपोर्ट किती एमबीचा आहे? आणि चहा सांग.’