स्वप्नातलं वॉरंट

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असं आपल्याकडे सांगतात. झोपलेल्या माणसाचं काय, ते मात्र सांगून ठेवलेलं नाही. जन्मात कधी सिग्नल न तोडलेली, गॅस सबसिडीही आपणहून सोडलेली माणसं रात्री दोन-अडीचच्या सुमारास आरोपीच्या पिंजऱ्यात उभी असतात. वकील मिळालेला नसतो, चष्मा घरी राहिलेला असतो आणि न्यायाधीशांच्या खुर्चीत बऱ्याचदा शाळेतले गणिताचे सर बसलेले असतात. त्यात स्वप्नातलं पोलीस खातं भारी जुनाट. १ जुलै २०२४ पासून देशात भारतीय न्याय संहिता लागू झाली, फसवणुकीचं कलम ३१८ झालं, पण स्वप्नात अजून चारशे वीसच लागतं.

‘मनी वसे ते स्वप्नी दिसे’ ही म्हण कोणी कायदा म्हणून वापरली तर काय होईल? हे एकाने करून पाहिलं आहे. प्लुटार्कने सिराक्यूजच्या डायोनिसियस या हुकूमशहाची गोष्ट सांगितली आहे. त्याच्या एका अधिकाऱ्याला, आपण राजाचा गळा कापतोय, असं स्वप्न पडलं. दिवसा मनात आल्याशिवाय रात्री दिसणार नाही, असा निवाडा देऊन राजाने त्याला मारून टाकलं. आपल्या हरिश्चंद्राने निदान स्वप्नातल्या दानापायी स्वतःचं राज्य घालवलं. याने दुसऱ्याचा जीव घेतला.

म्हणीत खोट आहे असं नाही. पण मनात काय वसलं होतं, हे स्वप्नातल्या आरोपपत्रावरून कळत नाही, हे डायोनिसियसच्या ध्यानात आलं नाही. ते सिग्मंड फ्रॉइडच्या ध्यानात आलं. त्याच्या स्वप्नांवरच्या ग्रंथावर १९०० साल छापलेलं आहे, प्रत्यक्षात तो १८९९च्या नोव्हेंबरातच बाहेर आला. त्यात एका वकिलाचं स्वप्न आहे. वकीलसाहेब एका बाईंना घेऊन आपल्या घराशी येतात. दारात बंद घोडागाडी उभी. एक माणूस पुढे होऊन सांगतो, मी पोलीस, माझ्याबरोबर चला. वकील म्हणतात, जरा कामांची निरवानिरव करायला वेळ द्या. एवढंच स्वप्न. फ्रॉइडचं म्हणणं होतं की प्रत्येक स्वप्नात एक इच्छा पुरी होते. तेव्हा वकिलाने त्याला पकडलंच : मला अटक व्हावी अशी माझी इच्छा आहे, असं म्हणायचंय का तुम्हाला?

फ्रॉइडने उलट विचारलं, अटक कोणत्या गुन्ह्यासाठी? वकील म्हणाला, बहुतेक बालहत्येच्या. आता हा माणूस बालहत्या करणाऱ्यातला नव्हे. पण ती रात्र त्याने एका विवाहित बाईंकडे काढली होती, आणि त्यातून मूल तर राहणार नाही ना, या धास्तीत तो होता. मूल नको, ही त्याची इच्छा. रात्रीच्या कोर्टाने ती उचलली आणि तिच्यावर सगळ्यांत जड कलम लावलं. गुन्हा भलता, कलम भलतं, पण आरोपी बरोबर पकडलेला.

त्याच ग्रंथातलं दुसरं स्वप्न मला जास्त आवडतं, कारण त्यातल्या माणसाने काहीच केलेलं नाही. एक तरुण डॉक्टर. नुकतंच प्राप्तिकराचं विवरणपत्र भरून दिलेलं, तेही अगदी खरंखरं, कारण दाखवण्यासारखी कमाईच फारशी नव्हती. रात्री स्वप्नात एक ओळखीचा गृहस्थ कर-समितीच्या बैठकीतून येऊन सांगतो : बाकी सगळ्यांची विवरणपत्रं मंजूर झाली, तुमच्यावर मात्र सगळ्यांचा संशय आहे, जबर दंड होणार. फ्रॉइडचा खुलासा असा की हे भीतीचं स्वप्न नव्हेच, ही बढाई आहे. आपली प्रॅक्टिस जोरात चालली आहे आणि आपण पैसे दडवतोय, असा संशय कोणीतरी घ्यावा, हे त्या बिचाऱ्याचं मनोगत.

आमच्या सोसायटीच्या खजिनदारांना हा खुलासा मी सांगितला. त्यांना मार्च उलटला की एकच स्वप्न पडतं. ऑडिटर व्हाउचरची फाइल चाळत असतो, पाण्याच्या टँकरची एक पावती सापडत नाही आणि दाराशी दोन हवालदार जिन्याच्या कठड्याला टेकून उभे असतात. त्यातला एक लिफ्ट कधी दुरुस्त होणार म्हणून विचारतो. प्रत्यक्षात या गृहस्थांनी हिशेब जुळेना म्हणून स्वतःच्या खिशातले सदतीस रुपये घातलेले आहेत आणि त्याचीही पावती फाडलेली आहे. ‘म्हणजे मला अटक व्हायला आवडतं की काय?’ ते वकिलाच्याच सुरात म्हणाले. मी म्हटलं, अटक नाही हो, ऑडिटर आवडतो. वर्षभर तुमचे हिशेब कोणी उघडूनही बघत नाही. निदान रात्री एक माणूस प्रत्येक पावती वाचतो. ते काही बोलले नाहीत, पण चहा पुन्हा मागवला.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात. मला वाटतं, चोर गाढ झोपतो. चांदणं पडतं ते सदतीस रुपयेवाल्यांच्या मनात. फ्रॉइडचा खुलासा मला सरसकट पटतो असंही नाही. त्यालाही पुढे मुरड घालावी लागली. १९१९च्या आवृत्तीत त्याने शिक्षेच्या स्वप्नांची वेगळी दखल घेतली : मनातला एक भाग दुसऱ्याला शिक्षा करू पाहतो, आणि तीही एक इच्छाच.

पण कधी कधी कोर्ट मनातलं नसतंच. १९३३नंतर बर्लिनमध्ये शार्लट बेराट ही पत्रकार ओळखीपाळखीच्या लोकांची स्वप्नं गुपचूप टिपून ठेवू लागली. कागद पुस्तकांच्या बांधणीत लपवलेले आणि मजकूर सांकेतिक : हिटलर म्हणजे ‘हान्सकाका’ आणि अटक म्हणजे ‘फ्लू’. त्यातल्या एका बाईचं स्वप्न असं. ती ऑपेराला गेली आहे. नवा पोशाख, केस छान बसवलेले, रंगमंचावर मोत्सार्टचं ‘मॅजिक फ्लूट’. गाण्यात सैतानाचा उल्लेख येतो आणि बूट आपटत पोलिसांची तुकडी थेट तिच्यापाशी येते. सैतान हा शब्द ऐकताच तिच्या मनात हिटलर आला, याची नोंद एका यंत्रात झालेली असते. ती मदतीसाठी आजूबाजूला बघते. सगळे समोर नजर लावून गप्प. शेजारच्या बॉक्समधल्या भल्या दिसणाऱ्या म्हाताऱ्याकडे ती आशेने बघते, तर तो तिच्यावर थुंकतो.

इथे फ्रॉइडची गुप्त इच्छा शोधत बसण्यात अर्थ नाही. या बाईच्या मनात जे आलं ते गुन्हा नव्हतं, सत्य होतं. अपराधीपण बाहेरून आणून तिच्या उशाशी ठेवलेलं होतं. डायोनिसियसला स्वप्न कळल्यावर तरी माणूस मारावा लागला. इथे माणूस झोपेत आपणच आपल्यावर पाळत ठेवायला शिकला. बेराटने ही टिपणं देशाबाहेर पाठवली आणि त्यांचं पुस्तक १९६६ साली जर्मनीत निघालं.

तेव्हा आज रात्री हवालदार आलाच तर घाबरून जागे होण्याआधी कलम विचारून घ्या. आठवलं तर सकाळी आदल्या दिवसाशी ताडून पाहा. बहुतेकदा गुन्हा किरकोळ निघतो, किंवा निघतच नाही. आमच्या खजिनदारांनी मात्र यंदा पुन्हा त्याच पदासाठी अर्ज भरला आहे, आणि समोर कोणी उभं नाही.