एकफाइली सर

माझं टायपिंग-डीटीपीचं दुकान विद्यापीठाच्या फाटकासमोर आहे, त्यामुळे पीएच.डी.वाले मला चालीवरून कळतात. त्यातली एक खास जात म्हणजे एकफाइली. वय पन्नाशीकडे, कॉलेजात पूर्णवेळ नोकरी, गळ्यात पेनड्राइव्ह, आणि त्या पेनड्राइव्हमध्ये अकरा वर्षांचं आयुष्य एकाच फाइलीत.

आमच्या सरांचा विषय वीरगळ. पानं ४१२, प्रकरणं सात, फोटो एकशे दहा. प्रत्येक फोटो मोबाइलमधून उचलून सरळ चिकटवलेला, चारेक एमबीचा. वर्ड सेव्ह करताना चित्रं आपणहून बारीक करतं, पण कोणीतरी घाबरवल्यामुळे सरांनी ती सोयच बंद केली होती. शीर्षगळाचा शेंदूर दिसला पाहिजे म्हणे. फाइल सव्वाचारशे एमबीच्या पुढे गेली होती. ती उघडायला लावून सर चहाला जात आणि परत आल्यावरही गोल फिरतच असे. एक स्वल्पविराम घातला तरी सेव्ह करताना फाइल अख्खी नव्यानं लिहिली जाते. त्याच वेळी वीज गेली की सातही प्रकरणं एकदमच धोक्यात.

"सर, प्रकरणं वेगळी करू."

"एकसंध लेखन आहे हो ते. तोडायचं कसं?"

शेवटी वीरगळच मदतीला आला. म्हटलं, "तुमच्या वीराचं मरणसुद्धा कप्प्याकप्प्यांत कोरलंय ना? खाली लढाई, मध्ये अप्सरा, वर शिवपूजा. दगड मात्र एकच." सर गप्प झाले आणि खुर्ची ओढून बसले.

वेगळ्या फाइली एकत्र बांधणारं मास्टर डॉक्युमेंट वर्डमध्येही आहे, पण फाइली बिघडवण्याबद्दल त्याची ख्याती जुनी आहे. म्हणून मी लिब्रेऑफिस वापरतो. आधी फोटो बारीक केले, कारण नाहीतर नव्वद फोटोंचं चौथं प्रकरण वेगळं निघूनही अडूनच बसलं असतं. मग फाइल `.odt` म्हणून साठवली आणि File > Send > Create Master Document केलं. जिथे जिथे Heading 1 ही स्टाइल दिसते तिथे हे कापतं. एक छोटी `.odm` फाइल होते, तिच्या हाताखाली प्रकरणांच्या फाइली. चुली वेगळ्या, रेशनकार्ड एक.

सात प्रकरणांच्या तेवीस फाइली झाल्या! सरांना जे जे ठसठशीत दिसावंसं वाटलं त्याला त्यांनी Heading 1 लावलं होतं. शिलालेखाच्या ओळी, आईवडिलांची अर्पणपत्रिका, एक रिकामी ओळसुद्धा. उलट सहाव्या प्रकरणाचं शीर्षक नुसतं जाड अक्षरात, म्हणून ते पाचव्याच्याच पोटात गेलेलं. एक दुपार स्टाइली नीट करण्यात गेली, मग पुन्हा कापलं.

मी बजावलं, "लिहायचं प्रकरणाच्या फाइलीत. मास्टर फक्त क्रम, अनुक्रमणिका आणि पानांचे आकडे यांसाठी." सरांनी वहीत टिपून घेतलं आणि रात्री अकराला फोन केला.

"अहो, पाचव्या प्रकरणात 'पाहा चित्र' लिहिलंय तिथे Error: Reference source not found येतंय! फाइल गेली का?"

गेली नव्हती. चित्र तिसऱ्या प्रकरणात, आणि एकट्या पाचव्याला ते कुठून दिसणार? मास्टर उघडून सगळं अपडेट केलं की आकडा जागेवर येतो. सरांनी मास्टर उघडला. फोनवर मोठा सुस्कारा ऐकू आला. मग नवी तक्रार: पाचव्यात मजकुराचा टाइप बदलला, तो इथे का नाही? एकाच नावाची स्टाइल दोन्हीकडे असली तर मास्टरची चालते. "म्हणजे आमच्या विभागासारखंच," सर म्हणाले आणि पहिल्यांदाच त्यांना ही पद्धत पटली.

खरा घोळ पुढच्या सोमवारी झाला. सर खुशीत गाइडकडे गेले. "किती हलका झाला बघा प्रबंध!" पेनड्राइव्हमध्ये फक्त `.odm` घेतली होती. मास्टरमध्ये एरवी मजकूर राहत नाही, फाइलींचे पत्ते राहतात. गाइडबाईंना दिसली ती देखणी अनुक्रमणिका, सातही प्रकरणांची, पानांच्या आकड्यांसकट. खाली प्रकरण एकही नाही. बाई म्हणाल्या, "अकरा वर्षांत एवढंच?"

सर दुकानात आले ते पेनड्राइव्ह मुठीत आवळून. मी अख्खा फोल्डर कॉपी करून दिला आणि बाईंसाठी मास्टरमधूनच पीडीएफ काढली. सर निवांत झाले, दोन चहा मागवले.

संध्याकाळी बाईंचा निरोप आला: 'पीडीएफमध्ये दुरुस्त्या करता येत नाहीत. सर्व प्रकरणे एकाच वर्ड फाइलीत पाठवा.'

मास्टरवरून एक अखंड `.odt` एक्सपोर्ट होते, तिची वर्ड करून दिली. नाव काय देऊ विचारलं तर सरांनी मायेनं सांगितलं, "फायनल फायनल चार."