कळावे, लोभ असावा (वर्गणीसह)

कराडात विद्यानगरला किंवा मलकापूरच्या बाजूला, कोजागिरी उलटली की कुठल्याही अपार्टमेंटच्या लिफ्टशेजारी दिवाळी स्नेहमेळाव्याचं आमंत्रण डकवलेलं दिसतं. ते इतकं गोड असतं की लिहिणारा निवृत्त मराठीचा मास्तर असावा असं वाटतं. असतो तो सोसायटीचा सेक्रेटरी, आणि बहुधा निवृत्त बँकवाला. माझं म्हणणं असं, की हा गोडवा त्याचा स्वभाव नसून हिशेब आहे. ‘वर्गणी यथाशक्ती’ एवढंच लिहिलं तर प्रत्येक जण शेजाऱ्याची शक्ती बघत थांबतो, हे त्याला ठाऊक असतं. म्हणून तो ‘यथाशक्ती, तरी किमान ५०१’ असं लिहितो आणि कागद लावण्याआधीच तळमजल्यावरच्या डॉक्टरांकडून १००१ घेऊन यादीत पहिलं नाव चढवतो. पहिला आकडा पुढच्यांचा भाव ठरवतो. समजा फ्लॅट २४ आहेत, त्यातल्या चारांना कुलूप आणि मालक पुण्यात. मग उरलेल्या वीस घरांचे साधारण साडेदहा हजार धरून तो मांडव, साऊंड आणि नाश्ता बेतानं बसवतो. पुण्याहून आलेले पैसे वरकड.

कार्यक्रमांतही तीच नजर. किल्ल्यांची स्पर्धा असते, पण ‘माती आठ दिवस आधी आणावी’ ही सूचना ठळक, कारण तटावर पेरलेले अळीव उगवायला दिवस लागतात आणि वसंतगड बोडका दिसला तर परीक्षकांपेक्षा पालकच जास्त भांडतात. दगड पार्किंगमधले घेऊ नयेत, हेही त्यातच आलं. मेळाव्याची वेळ ठरवताना कुणाची कारखान्यात पाळी आहे हे तो विचारून घेतो, कारण गळीत हंगाम दिवाळीच्या आगेमागेच सुरू होतो.

कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला, मेंटेनन्सच्या बिलातच पाचशे लावावेत. पण मेंटेनन्सचं बिल मालकाच्या नावानं निघतं. फटाके वाजवणार भाडेकरूची पोरं आणि पैसे पुण्याच्या मालकाचे, यावर वार्षिक सभा दोन तास चालेल. दुसरा आक्षेप असा, की नावांची यादी लावणं ही गोड भाषेतली जबरदस्तीच. थोडी आहेच. पण तो दिलेल्यांची नावं लावतो, न दिलेल्यांची नाही. रिकामी जागा ज्याची त्यानं ओळखायची.

खरी कसोटी स्वयंसेवकांची. ‘इच्छुकांनी नावे द्यावीत’ असं लिहिलं की सगळे इच्छुक गावाला जातात. म्हणून तो काम आणि वेळच लिहितो: ‘सतरंज्या अंथरणे, साडेपाच ते सहा’, ‘चहाची किटली, दोघे’. अर्ध्या तासाला नाही म्हणायला माणसाला कारण सापडत नाही. कार्यक्रमानंतर सतरंज्या गुंडाळायला मात्र कुणाचंच नाव नसतं. तिथे तो स्वतःचंही लिहीत नाही, कारण आपण वाकलो की चारजण लाजून पुढे येतात हे त्यानं हिशेबात धरलेलं असतं.