वधूपिता, कपाट आणि कच्ची चिठ्ठी

व्यापारी कर भरतो, ही आपल्याकडची एक जुनी आणि लोकप्रिय अफवा आहे. व्यापारी स्वतः ती पसरवतात, त्यांच्या संघटना तिची निवेदनं काढतात आणि मंत्री त्या निवेदनांवर ‘सहानुभूतीपूर्वक विचार’ करतात. प्रत्यक्षात मूल्यवर्धित करात व्यापाऱ्याने पदरचा एक रुपयाही घालावा, अशी योजनाच नाही. १ एप्रिल २००५ ला राज्यात व्हॅट आला तेव्हाही नव्हती आणि १ जुलै २०१७ ला त्याच्या जागी जीएसटी आला तेव्हाही नव्हती. व्यापारी हा सरकारचा बिनपगारी कारकून. तो कर गोळा करतो, आपण आधी दिलेला त्यातून वजा करतो आणि उरलेला तिजोरीत टाकतो. सगळा कर खिशातून देणारा माणूस एकच, साखळीच्या शेवटी उभा असलेला. आजच्या गोष्टीत तो वधूपिता आहे आणि त्याला लेकीला आंदण म्हणून लोखंडी कपाट द्यायचं आहे.

कपाटाची वंशावळ पत्र्यापासून सुरू होते. पत्रेवाल्याने कारखानदाराला एका कपाटापुरता सीआर पत्रा ४,००० रुपयांना विकला आणि वर १८ टक्क्यांनी ७२० रुपये कर लावला. (त्याच्या मागे पोलादाचा कारखाना आणि खाणही आहे, पण तितकं मागे गेलो तर लग्नाचा मुहूर्त टळेल. इथे पत्रेवाल्यालाच मूळ पुरुष मानू.) बिलावर हे ७२० रुपये दोन ओळींत दिसतात, ९ टक्के केंद्राचे आणि ९ टक्के राज्याचे. मुलीला दोन आत्यांनी दोन्ही बाजूंनी ओवाळावं तशी ही सोय आहे. पत्रेवाल्याने हे ७२० रुपये सरकारजमा केले. कारखानदाराच्या खिशातून ४,७२० गेले. पण त्यातले ७२० त्याने खर्चात धरले नाहीत. ते त्याने इनपुट क्रेडिट म्हणून सरकारकडून येणं धरलं. अख्ख्या करपद्धतीचं मर्म या एका नोंदीत आहे.

कारखानदाराने पत्रा कापला, वाकवला, वेल्डिंग केलं, रंग मारला, आरसा बसवला आणि कपाट होलसेलवाल्याला १०,००० रुपयांना दिलं. वर कर १,८००. आता तो १,८०० भरतो का? नाही. आधीचे ७२० वजा करून १,०८० भरतो. हे १,०८० म्हणजे त्याने कपाटात जी सहा हजारांची भर घातली, तिचे नेमके १८ टक्के. मूल्यवर्धित कर तो हाच. होलसेलवाल्याने गोदामात चार दिवस ठेवून ११,००० ला विकलं, १,९८० कर घेतला, १,८०० वजा केले, १८० भरले. दुकानदाराने १४,००० किंमत लावली, कर २,५२०, वजा १,९८०, भरायचे ५४०.

आता बेरीज करा. ७२०, १,०८०, १८०, ५४०. झाले २,५२०. वधूपित्याच्या बिलावर ‘जीएसटी’ म्हणून छापलेला आकडा हाच. म्हणजे चार कारकुनांनी चार हप्त्यांत जे भरलं, ते सगळं एका वधूपित्याने १६,५२० रुपये मोजून भरून दिलं. त्याला मात्र क्रेडिट नाही. तो ते कपाट पुढे विकत नाही ना! तो लेकीला देतो, आणि विहिणीकडून ‘रंग जरा वेगळा चालला असता’ एवढं ऐकून घेतो.

क्रेडिट नसतं तर काय झालं असतं, तेही पाहू. प्रत्येकाने मागचा कर किमतीत मुरवला असता, वर आपली भर घातली असती आणि त्या सगळ्यावर पुन्हा १८ टक्के लावले असते. हेच कपाट साडेबावीस हजारांच्या वर गेलं असतं आणि त्यात कराचेच साडेआठ हजार निघाले असते. करावर कर, त्या करावर आणखी कर. क्रेडिटमुळे चांगली घडी बसली आहे म्हणायची, कारण या साखळीत पोलिसाचीही गरज नाही. होलसेलवाला कारखानदाराकडे पक्कं बिल मागतोच, कारण त्याशिवाय त्याचे १,८०० बुडतात. दुकानदार होलसेलवाल्याकडे मागतो. प्रत्येकजण आपल्या स्वार्थासाठी दुसऱ्याचा कर उघड करतो. माणसाच्या लोभावर इतका विश्वास दुसऱ्या कुठल्याच कायद्याने टाकलेला नाही.

एकाच ठिकाणी हा लोभ उलटा फिरतो. कुठे, ते पाहायला दुकानात चला.

‘‘पक्कं बिल करू का, काका?’’ दुकानदार अदबीने विचारतो.

‘‘केलं तर?’’

‘‘सोळा हजार पाचशे वीस. नको असेल तर पंधराला देऊन टाकतो. घरपोच.’’

वधूपित्याने आयुष्यभर भ्रष्टाचाराविरुद्ध मेसेज फॉरवर्ड केलेले असतात. तो क्षणभर छताकडे बघतो आणि म्हणतो, ‘‘राहू द्या. कशाला उगाच कागद!’’ मग पॅडवरच्या चिठ्ठीवर ‘कपाट १, रु. १५,०००’ एवढंच लिहून मिळतं. तारीखही बहुधा नसते.

घरी जाताना काका स्वतःची समजूत घालतात की सरकारचे बुडाले ते फक्त दुकानदाराचे ५४०, बाकीचे तर मागच्यांनी भरलेलेच आहेत. सुशिक्षित माणसाची गल्लत ती हीच. दुकानदाराच्या खात्यात या कपाटाचं १,९८० चं क्रेडिट अजून तसंच पडलेलं आहे. विक्री कागदावर झालीच नाही, त्यामुळे ते या कपाटापुरतं वापरलं गेलं नाही. पुढच्या गिऱ्हाइकाला पक्क्या बिलाने टेबल विकलं की त्याच्या करातून दुकानदार हे १,९८० वळते करून घेणार. म्हणजे मागच्या तिघांनी भरलेलेही परत आले. या कपाटातून सरकारच्या हाती उरलं शून्य. २,५२० पैकी काकांचे वाचले १,५२० आणि दुकानदाराला नेहमीच्या नफ्यावर जास्तीचे सुटले १,०००. वाटणी इतकी चोख की दोघांनी आधी बसून ठरवल्यासारखी वाटावी.

वर्षाला चाळीस लाखांच्या आतली उलाढाल असलेला, नोंदणी नसलेला छोटा दुकानदार बिनकराचं विकतो ती गोष्ट वेगळी. त्याला कर लावायचा अधिकार नाही, पण क्रेडिटही नाही. होलसेलवाल्याला दिलेले १,९८० त्याच्या किमतीत कायमचे मुरतात. तिथे सरकारचे खरंच ५४० च जातात. प्रामाणिक गरिबाकडून जितकं जातं त्याच्या साडेचारपटीहून जास्त नोंदणीकृत शेठजीकडून जातं, पण चौकशी बहुधा आधी कोणाची होते, हे सांगायला नको.

शेठजी सापडतो कसा? कर चुकवताना एक वस्तू लपवता येत नाही, ती म्हणजे न विकलेलं कपाट. वह्यांप्रमाणे दुकानात साठ कपाटं असायला हवीत आणि अधिकारी मोजायला येतो तेव्हा अकराच उभी असतात. शेठजी ‘चोरीला गेली’ म्हणाले तरी सुटका नाही. हरवलेल्या, चोरीला गेलेल्या किंवा मोडीत काढलेल्या मालावरचं क्रेडिट परत करावंच लागतं. दुसरी खूण मोजणीआधीच कळते. खरेदी वाढती, विक्री जेमतेम, क्रेडिटची शिल्लक दर महिन्याला फुगती आणि रोखीने भरलेला कर वर्षानुवर्षं शून्य, असं खातं दिसलं की समजावं, दुकानात चिठ्ठ्यांचं पॅड जोरात चाललं आहे.

आणि जो सरळ चालतो त्याचं काय? आपल्या साखळीतला होलसेलवाला घ्या. त्याने कारखानदाराला १,८०० कर मोजून दिला, माल घेतला, पक्कं बिल फाइलला लावलं. पण कारखानदाराने ११ तारखेपर्यंत आपल्या विक्रीच्या विवरणात हे बिल दाखवलं नाही, तर १४ तारखेला तयार होणाऱ्या ‘टू-बी’ पत्रकात ते येत नाही आणि होलसेलवाल्याला त्या महिन्यात क्रेडिट नाही. बिल दाखवलं पण कर भरलाच नाही, तर घेतलेलं क्रेडिटही होलसेलवाल्याला परत करावं लागतं, आणि कारखानदाराने कधीकाळी भरला तर पुन्हा मिळतं. तोवर एकाच कपाटाचा कर त्याने दोनदा दिलेला असतो, एकदा कारखानदाराला आणि एकदा सरकारला.

ही जीएसटीची नवी कल्पना नव्हे. राज्याच्या व्हॅट कायद्यातही तिजोरीत प्रत्यक्ष आलेल्या कराइतकीच वजावट असं कलम होतं आणि २०१२ साली मुंबई उच्च न्यायालयाने ते वैध ठरवलं. सरकारचं म्हणणं थोडक्यात असं, की बुडवा आमच्याकडे नोंदलेला आहे, त्याला नंबर आम्ही दिला, त्याची माहिती आमच्या संगणकात आहे. तरीही त्याला शोधून त्याच्यामागे लागण्याचं काम मात्र तुमचं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच, फक्त इथे ती ऑनलाइन पोर्टलवरून देतात.

सरकारला शेवटच्या कडीचं दुखणं ठाऊक नाही असं नाही. १ सप्टेंबर २०२३ ला केंद्राने ‘मेरा बिल मेरा अधिकार’ नावाची सोडतच काढली. पक्कं बिल अपलोड करा आणि एक कोटीपर्यंत बक्षीस मिळवा. गुजरात, हरियाणा, आसाम आणि काही केंद्रशासित प्रदेशांत ती सुरू झाली; आपल्याला त्या यादीत जागा मिळाली नाही. कर वसूल करण्यासाठी लॉटरी काढावी लागणं ही राज्यकारभाराची जरा अवघड अवस्था आहे, पण रोग त्यांनी बरोबर ओळखला होता. साखळीतला प्रत्येकजण बिल मागतो ते पैसे परत मिळतात म्हणून. वधूपित्याला काहीच परत मिळत नाही, तर तो बिल मागेल कशाला?

त्याला एक कारण आहे, पण ते लग्नानंतर कळतं. सहा महिन्यांत कपाटाचं दार लटकतं, कुलूप फिरेनासं होतं, आणि काका चिठ्ठी घेऊन दुकानात गेले की शेठजी ती उलटसुलट बघून म्हणतात, ‘‘हे आमच्याकडचं नाही वाटत, काका.’’

तेव्हा कपाट घ्याल तर बिल घ्या. त्यावर पंधरा अंकी-अक्षरी जीएसटी क्रमांक हवा. महाराष्ट्रातल्या दुकानाचा २७ ने आणि गोव्यातल्याचा ३० ने सुरू होतो. तो क्रमांक पोर्टलवर टाकला की दुकानाचं नाव आणि नोंदणी चालू आहे की रद्द झाली, ते लगेच दिसतं. आणि बिलावर ‘कंपोझिशन’ करदाता असं लिहिलेलं असूनही दुकानदार वेगळा जीएसटी लावत असेल, तर तो द्यायचा नाही. तसा कर घ्यायची त्याला कायद्याने मुभाच नाही.