पैलवानाची करंगळी

कान्ह्यातल्या माणसाला हात सैल सोडायला सांगणं अवघड आहे. इथे जे हातात येतं ते घट्ट धरायचंच असतं. इंद्रायणीचं भात कापताना विळा सैल धरला तर बोट जातं, आणि सकाळच्या पुणे लोकलच्या दारातला दांडा सैल धरला तर त्याहून जास्त काही जातं. त्यात मावळात कुस्तीचा नाद. त्यामुळे फाट्याजवळच्या आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये बॅडमिंटन सुरू झालं, तेव्हा रॅकेट नावाची ऐंशी-नव्वद ग्रॅमची नाजूक वस्तू काही हातांत अशी धरली जायची, की कार्बनच्या दांड्याची दया यावी.

त्यातला सगळ्यांत भक्कम हात अण्णांचा. अण्णा म्हणजे तरुणपणी जत्रांचे फड गाजवलेले पैलवान. मनगट असं, की घड्याळाच्या पट्ट्याला शेवटचं भोकही पुरत नाही. त्यांच्यासमोर बहुतेक वेळा त्यांची सातवीतली पुतणी असायची, आणि खेळ रोज एकाच वळणाने जायचा. पोरगी आपल्या बेसलाइनवरून क्लिअर मारायची. फूल शेडच्या वाशांना लागतंय की काय असं वाटेपर्यंत वर जायचं आणि अण्णांच्या मागच्या रेषेवर सरळ खाली यायचं. अण्णा मागे धावायचे, सगळी ताकद लावून हाणायचे, तोंडाने ‘हुं’ही करायचे. फूल जाळं ओलांडून कोर्टाच्या मधोमध आज्ञाधारकपणे उतरायचं. पोरगी ते तिथल्या तिथे ठोकायची. अण्णा रॅकेटकडे बघायचे, मग दुकानदाराच्या नावाने काहीतरी पुटपुटायचे.

कोर्ट जेमतेम साडेतेरा मीटर लांब. इतकं अंतर दगडसुद्धा सहज जातो. पण दगड जातो तसं फूल जात नाही. सोळा पिसांचा हा घागरा हवेला इतका अडतो, की साधारण तीन मीटरांत त्याचा वेग जवळजवळ निम्म्यावर येतो. म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत फूल पोचवायचं तर रॅकेटवरून सुटताना त्याचा वेग अफाट हवा. आणि रॅकेट फुलाला टेकते ती सेकंदाच्या काही हजाराव्या भागापुरती. टेकल्यावर ढकलू, ही सोय इथे नाही. त्या एवढ्याशा क्षणी रॅकेटचं डोकं ज्या वेगात असेल तेवढीच कमाई. आधी कितीही वेग होता आणि नंतर कितीही आला, तरी फुलाला त्याचं सोयरसुतक नसतं. अण्णांची रॅकेट खांद्यापाशीच सगळ्यात जोरात असायची. फुलापर्यंत पोचेस्तोवर ती दमलेली असे.

तळेगावहून शनिवारी लोकलने एक ताई शिकवायला येतात. त्यांनी अण्णांचं पहिलं निदान केलं ते खेळ न बघताच. अण्णा सर्व्हिसची वाट बघत उभे असताना त्यांनी मागून येऊन त्यांच्या हातातली रॅकेट ओढली. रॅकेट सुटली नाही. अण्णा मात्र अर्धं पाऊल मागे आले.

“अण्णा, आत्ता फूल आलंय का?”

“नाही.”

“मग हे कुणाला धरून ठेवलंय?”

फूल आलेलं नसताना रॅकेट ओढली की ती हातातून निसटायला हवी, एवढीच ती परीक्षा. आमच्यातले निम्मे त्यात नापास झाले. पोरगी पास झाली. तिच्या हातून रॅकेट इतकी सहज आली, की तिचं लक्ष तरी होतं का अशी शंका आली.

दुसरं निदान पकडीचं. रॅकेटची मूठ गोल नसते, तिला आठ पैलू असतात: दोन रुंद, दोन अरुंद आणि मधले चार तिरपे. अण्णा अंगठा आणि तर्जनीची बेचकी रुंद पैलूवर ठेवायचे, म्हणजे जाळी सरळ समोर बघणार. नवशिक्या माणसाला हीच पकड नैसर्गिक वाटते, कारण घरात उलथनं तसंच धरतात. ताईंनी रॅकेट धारेवर उभी केली, जाळी भिंतीकडे, आणि म्हणाल्या, “आता मुठीशी हस्तांदोलन करा.” बेचकी आपोआप अरुंद पैलूच्या रेषेत आली. ही फोरहँडची पकड. तर्जनी इतर बोटांपासून जराशी वर सुटी, अंगठा बाजूला टेकलेला, आणि तळहात व मूठ यांच्यामध्ये थोडी फट.

अण्णांची अडचण रास्त होती. “ताई, असं धरलं तर जाळी बाजूला बघतीय. फूल लागंल कसं?”

सगळी गंमत याच प्रश्नात आहे. उलथन्याच्या पकडीत जाळी आधीपासूनच फुलाकडे तोंड करून असते, म्हणून हाताला वळायचं काही कारण उरत नाही. हात नुसता पुढे जातो, माशी मारल्यासारखा. हस्तांदोलनाच्या पकडीत रॅकेट फुलाकडे निघते ती धारेने, हवा कापत. आणि अगदी शेवटी कोपरापासूनचा हात गर्रकन वळतो, तळहात आतून बाहेर फिरतो, तेव्हा जाळी फुलाच्या तोंडी येते. ज्याला आपण सगळे ‘मनगटाचा झटका’ म्हणतो, तो बराचसा हा हाताचा वळसा असतो. मनगट फक्त श्रेय घेतं. हा वळसा जेवढा उशिरा आणि जेवढा मोकळा, तेवढं रॅकेटचं डोकं वेगात. मूठ आधीच आवळलेली असली तर हाताचे सगळे स्नायू एकाच वेळी ताठतात, वळवणारेही आणि वळू न देणारेही. अण्णांच्या हातात दोन पैलवान रोज एकमेकांना धरून उभे असायचे, आणि कुस्ती बरोबरीत सुटायची.

आता बोटांचं काम. ते हिशेबाने बघितलं तरच पटतं. तर्जनी ही खुंटी समजा. तिच्याखाली साधारण सात सेंटिमीटरवर करंगळी असते आणि जाळीचा मध्य तर्जनीपासून वर सुमारे पंचेचाळीस सेंटिमीटरवर. शेवटची तीन बोटं सैल असतील, तर मारताना ती मिटतात आणि मुठीचं बूड तळहाताकडे ओढलं जातं. करंगळीने बूड दोन सेंटिमीटर ओढलं, तर जाळीचा मध्य तेवढ्याच वेळात तेरा सेंटिमीटर पुढे झेपावतो. हे खांदा, कोपर आणि हाताच्या वळशाने आधी जमवलेल्या वेगाच्या वर मिळतं, आणि मिळतं तेही नेमकं फूल टेकताना. अख्ख्या अंगाची ताकद लावून जे होत नाही, ते करंगळी करते, हे अण्णांना अपमानास्पद वाटलं. पण नुसती बोटं मिटून बेसलाइन गाठता येते असंही नाही. क्लिअरमधली मोठी ताकद पाय, कंबर आणि हाताच्या वळशातूनच येते. बोटं शेवटचा हिस्सा घालतात, आणि तो बरोबर वेळी घालावा लागतो.

इथे माझ्या मनात नेहमी नंदू नाटेकर येतात. सांगलीत जन्मलेला हा माणूस आधी टेनिस खेळायचा. ज्युनिअर राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम फेरीत रामनाथन कृष्णन यांच्याकडून हरल्यावर ते बॅडमिंटनकडे वळले आणि 1956 साली क्वालालंपूरला सेलांगोरची स्पर्धा जिंकून परदेशात विजेतेपद मिळवणारे पहिले भारतीय बॅडमिंटनपटू ठरले. पुढे 1961 मध्ये पहिल्या अर्जुन पुरस्कारांत त्यांचं नाव होतं. टेनिसमधून इकडे येणं म्हणजे हाताला नवा धर्म शिकवणं. टेनिसचा चेंडू अठ्ठावन्न ग्रॅमच्या आसपास. तो रॅकेटला उलटा धक्का देतो, म्हणून मनगट पक्कं ठेवावं लागतं. फूल पाच ग्रॅमचं. ते कसला धक्का देणार? त्याच्याविरुद्ध घट्ट धरण्यासारखं काही नाहीच. म्हणूनच बोटांना सैल राहण्याची चैन परवडते. लाकडी, जड रॅकेटच्या त्या काळातल्या नाटेकरांच्या फटक्यांच्या नजाकतीचं लोक अजून कौतुक करतात. खरं तर हा खेळ आमच्या जिल्ह्याच्याच घरचा: इंग्रज अधिकाऱ्यांनी त्याचे सुरुवातीचे नियम पुण्यात ठरवले. तरी कान्ह्यापर्यंत सैल हात यायला दीडशे वर्षं लागली, लोकल असूनही.

पुढच्या शनिवारी ताईंनी अण्णांच्या रॅकेटची मूठ तपासली. घाम टिपला जावा, पकड बसावी म्हणून अण्णांनी एका ग्रिपवर दुसरी आणि तिच्यावर टॉवेलची पट्टी गुंडाळली होती. मूठ उसाच्या कांड्याएवढी झाली होती आणि बोटं मिटायला जागाच नव्हती. सगळं सोडवून एकच पातळ ग्रिप बसवली. मग व्यायाम: हात टेबलावर टेकवून, रॅकेट टेबलाबाहेर काढून, नुसती बोटं उघडायची आणि मिटायची. डोकं खाली, डोकं वर. अण्णांना हे बायकी वाटलं. दोन मिनिटांत बोटांच्या मुळाशी कळ आली, तेव्हा वाटायचं थांबलं.

मग क्लिअर. पहिले काही थेट पत्र्याला लागले, कारण बोटं उशिरा मिटली. मग काही जाळ्यात गेले, कारण ती वेळेआधी मिटली, फूल अजून डोक्यावर असतानाच. योग्य वेळ डोळ्यांना दिसत नाही, ती कानाला कळते. वेळ चुकली की फुलाचा आवाज ‘धप्’ येतो आणि कोपराच्या बाहेरच्या बाजूला उद्या दुखणार याची खूण मिळते. बसली की कोरडा ‘टक्’ येतो, हातात काही जाणवतच नाही, आणि बोटं लगेच पुन्हा सैल पडलेली असतात. संध्याकाळी उशिरा एकदा तसा ‘टक्’ आला. फूल वर गेलं, पुतणीच्या डोक्यावरून, आणि मागच्या रेषेच्या वीतभर अलीकडे पडलं. पोरगी मागे वळून बघतच राहिली. अण्णाही.

“मी तर काहीच केलं नाही,” ते म्हणाले, जरा संशयानेच.

राहिला बॅकहँड. तो खरा अवघड. समोरच्या फुलाला अंगठा रुंद पैलूवर सपाट ठेवून ढकलायचं, हे सगळ्यांना चटकन जमतं, आणि जमतं म्हणूनच लोक मागच्या कोपऱ्यातही तेच करायला जातात. तिथे पाठ जाळ्याकडे असते, फूल अंगाच्या बाजूला किंवा थोडं मागेच असतं, आणि सपाट अंगठ्याने जाळी त्या दिशेला वळतच नाही. फूल आडवं सुटून बाहेर जातं. अंगठा तिरप्या पैलूवर सरकवावा लागतो, कोपर आधी वर जावं लागतं, मग हात बाहेरच्या बाजूला वळतो आणि अंगठा व तर्जनी एकदम दाबून लगेच थांबतात. पकड बदलायची तीही फूल येत असताना, अंगठा-तर्जनीत मूठ फिरवून. आवळलेल्या मुठीत ती फिरणारच कशी?

ताईंनी हे सगळं करून दाखवलं. अण्णांनी एकदा मारून बघितलं, फूल शेजारच्या कोर्टावर गेलं. तेव्हापासून बॅकहँडला आलेलं प्रत्येक फूल ते गोल वळसा घालून, धापा टाकत, फोरहँडनेच मारतात. पुतणीला हे ठाऊक आहे, त्यामुळे ती आता दुसरीकडे मारतच नाही.